‘ठरल्या वेळी दारात, ठरल्या दरात’ : या ओळीचा नेमका अर्थ

सस्नेह नमस्कार.

आमच्या घरपोच दुरुस्ती सेवेच्या पावतीवर, कारागिरांच्या पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर ‘ठरल्या वेळी दारात, ठरल्या दरात’ ही ओळ आपण वाचली असेल. गेल्या उन्हाळ्यापासून या ओळीबद्दल एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो : ‘दर ठरलेला असतो म्हणता, मग फोनवर एक आकडा आणि घरी आल्यावर दुसरा, असे का?’ प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाला फोनवर घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

सुरुवातीला आमच्या पाटीवर ‘फोन करा, लगेच येतो’ असे लिहिलेले होते. ती ओळ आम्ही स्वतःहून काढली. आमच्या दृष्टीने ‘लगेच’ म्हणजे हातातले काम उरकल्यावर, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ‘लगेच’ म्हणजे फोन ठेवल्याबरोबर. हा फरक कितीही धावपळ केली तरी मिटत नव्हता आणि माणसे सबंध सकाळ दाराकडे डोळे लावून बसत होती. नव्या ओळीत ‘लगेच’ नाही आणि ‘स्वस्त’ही नाही. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘ठरल्या’ हा आहे. वेळ आणि दर या दोन्ही गोष्टी आपण आणि आम्ही मिळून ठरवतो. कारागीर तासाभराच्या ठरलेल्या अवधीत पोहोचतो, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी कामाचा पूर्ण आकडा सांगून आपला होकार घेतो. होकार मिळाल्यावर तो आकडा वाढत नाही. काम अंदाजापेक्षा लांबले, तरी वाढीव मजुरी आम्ही मागत नाही.

मात्र हे ठरवणे आपण तक्रार कशी सांगता यावर अवलंबून असते, आणि नेमकी तिथेच सर्वांत मोठी चूक होते. ती चूक म्हणजे ‘मोटार बंद आहे’ एवढे एकच वाक्य.

पाण्याच्या दिवशी मोटार बंद पडली की काय होते, हे लातूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हापासून या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे लहान मुलालाही कळते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, ते हौदात साठते आणि हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायला अर्ध्या एचपीची मोटार लागते. नेमक्या त्याच दिवशी मोटारीने दगा दिला, की घरात एकच धांदल उडते आणि फोनवर चार शब्दांपेक्षा जास्त सांगायला कोणाला उसंत नसते. आम्हाला याची जाणीव आहे. तरीही ‘मोटार बंद’ या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या तिघींचा दर, लागणारे सामान व वेळ सर्वस्वी वेगळा असतो.

पहिली तक्रार म्हणजे बटण दाबल्यावर मोटारीतून काहीच आवाज न येणे. यात दोष बहुधा मोटारीपर्यंत वीज पोहोचण्यात असतो : बटण, जळालेली वायर, सैल झालेला जोड. दुसरी तक्रार म्हणजे मोटार ‘घूंऽऽ’ असा आवाज करते, पण फिरत नाही. यात बहुधा मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कंपॅसिटर कमजोर झालेला असतो, किंवा आतला इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे चक्र, गंजाने अथवा क्षाराने अडकलेले असते. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या आणि अनेक दिवस न वापरलेल्या मोटारींत हे विशेष आढळते. तिसरी तक्रार म्हणजे मोटार नीट फिरते, परंतु पाणी चढत नाही. यात मोटार बहुधा धडधाकट असते. पाइपात हवा शिरलेली असते किंवा हौदातल्या पाइपाच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो.

ही तिसरी तक्रार असेल, तर आम्हाला बोलावण्यापूर्वी एक उपाय अवश्य करून पाहावा. मेन स्विच बंद करून पंपावरचे पाणी भरण्याचे बूच उघडावे, तोंडापर्यंत स्वच्छ पाणी भरावे, बूच घट्ट बसवावे आणि मग मोटार चालू करावी. पुष्कळदा दोन-तीन मिनिटांत पाणी चढू लागते. हा उपाय आम्ही फोनवर सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही. जिथे कारागिराची गरज नाही तिथे तो पाठवला, तर ज्याला खरी गरज आहे त्याची वेळ वाया जाते.

एकच वाक्य सांगितल्याने काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण देतो. औसा रोडवरील एका ताईंनी संध्याकाळी फोन करून ‘मोटार बंद आहे, उद्या नळ येणार आहे’ एवढेच सांगितले. आमच्याकडे नोंद घेणाऱ्यानेही पुढे काही विचारले नाही, ही आमची चूक होती. बटण किंवा वायरचे काम असेल असे धरून त्याने 200 रुपयांचा अंदाज सांगितला आणि सकाळी 9 ते 10 ची वेळ दिली. कारागीर 9 वाजून 20 मिनिटांनी पोहोचला. बटण दाबताच मोटार घुमली, पण फिरली नाही. त्याने वीज बंद करून कंपॅसिटर काढला आणि मीटरवर तपासला. त्यावर 10 मायक्रोफॅरड लिहिलेले होते आणि मीटरने 9.7 दाखवले, म्हणजे कंपॅसिटर चांगला होता. मग मोटारीच्या मागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, फिरवून पाहिला, तर तो हलेना. इम्पेलर अडकला होता. पंप उघडला की पाणी गळू न देणारे जुने सील बहुतेक वेळा पुन्हा धड बसत नाही, ते बदलावेच लागते. आणि बटणाच्या कामाला निघालेल्या कारागिराच्या पिशवीत सील नव्हते.

तिथे त्याने काम थांबवले, ताईंना शाफ्ट दाखवला आणि नवा आकडा सांगितला : मजुरी 350 रुपये, सील 120 रुपये, एकूण 470. त्यांनी नाराजीनेच होकार दिला, आणि ती नाराजी आम्हाला मान्य आहे. कारागीर 10 वाजून 10 मिनिटांनी गंजगोलाईकडे सील आणायला गेला, 11 वाजता परतला आणि चक्रावरचा क्षाराचा पांढरा थर खरवडून, सील बसवून साडेअकराला मोकळा झाला. पुढचे ग्राहक बार्शी रोडवर होते आणि त्यांची वेळ साडेदहा ते साडेअकरा होती. त्यांच्या दारात तो 11 वाजून 55 मिनिटांनी उभा राहिला. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी तर तक्रार नीट सांगितली होती. दिलेला अवधी उलटून 15 मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर तपासणी शुल्क घ्यायचे नाही, हा आमचा नियम आहे, म्हणून त्यांच्या पावतीतून 150 रुपये वजा केले. पण पैसे वजा केल्याने कोणाची गेलेली सकाळ परत मिळत नाही.

ताईंनी ‘मोटार घुमते, फिरत नाही’ एवढे सांगितले असते, किंवा आम्ही ते विचारले असते, तर कंपॅसिटर आणि सील दोन्ही पिशवीत टाकून कारागीर निघाला असता, फोनवरच ‘कंपॅसिटर असेल तर इतके आणि इम्पेलर अडकला असेल तर 470’ असे दोन्ही आकडे सांगता आले असते आणि गंजगोलाईची फेरी वाचली असती. ‘दारात’ आणि ‘दरात’ हे दोन शब्द आम्ही एकाच ओळीत ठेवले, त्याचे कारण हेच आहे : दराचा अंदाज चुकला, की सामान चुकते, आणि सामान चुकले, की पुढच्या घरची वेळ चुकते. त्या दिवसापासून नोंद घेणारा मोटारीच्या प्रत्येक तक्रारीला ‘आवाज येतो का?’ हे विचारतोच. कृपया त्याला टाळाटाळ समजू नये.

आवाज ऐकण्यासाठी बटण तीन-चार सेकंदच दाबावे आणि लगेच बंद करावे. मोटार अडकलेली असताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, झपाट्याने तापते. ‘आता सुरू होईल, मग सुरू होईल’ म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिल्याने शेदोनशे रुपयांच्या कंपॅसिटरचे काम रिवाइंडिंगवर, म्हणजे सगळी तार नव्याने भरण्यावर, गेल्याची उदाहरणे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. त्याच वेळी घरातली ट्यूबलाइट मंद झाली असेल किंवा पंखा रेंगाळत असेल, तर व्होल्टेज कमी आहे; अशा वेळी चांगली मोटारही नुसती घुमते. व्होल्टेज सुधारल्यावर पुन्हा एकदा पाहावे आणि मगच आम्हाला फोन करावा.

जळका वास येत असेल, तर मात्र फोनवर कोणताही आकडा आम्ही सांगत नाही, कारण मोटार उघडून आत तांब्याची तार आहे की ॲल्युमिनियमची आणि किती भाग जळला आहे हे पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा खोटाच ठरतो. अशी मोटार दुकानात न्यावी लागते व एक-दोन दिवस लागतात. तरीही मोटार उघडल्यावर, तार भरण्यापूर्वी, आपल्याला दर कळवला जातो आणि नको असेल तर मोटार जशीच्या तशी परत मिळते.

तपासणी शुल्काविषयीही थोडे बोलणे आवश्यक आहे. काम केले तर हे 150 रुपये मजुरीत धरले जातात, वेगळे द्यावे लागत नाहीत. दर ऐकून काम नको म्हटले, तर मात्र ते घेतले जातात. ‘काही न करता पैसे कसले?’ असे काही जण विचारतात. तासाभराची वेळ केवळ आपल्यासाठी राखून ठेवलेली असते आणि दोष शोधणे हेही कामच असते, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्यापेक्षा कमी मजुरीत काम करणारे चांगले मिस्त्री शहरात आहेत, हे आम्ही नाकारत नाही. आमच्याकडे सामानाची पावती वेगळी मिळते, काढलेला जुना भाग आपल्या हातात दिला जातो आणि बदललेल्या कंपॅसिटरची अथवा सीलची तक्रार 90 दिवसांत उद्भवली, तर मजुरी न घेता काम पुन्हा करून दिले जाते.

नोंदणीची वेळ सकाळी 8 ते रात्री 8 आहे. पाण्याचा दिवस असेल तर तो फोनवर आधी सांगावा, कारण दररोज सकाळचे दोन अवधी आम्ही त्याच कामांसाठी राखून ठेवतो. शक्य असेल, तर मोटारीवरच्या पट्टीचा फोटो पाठवावा. त्यावरून एचपी आणि बनावट कळते आणि योग्य मापाचे सील पिशवीत टाकता येते.