गेयता-परीक्षण (गीतांचे)

लिहून झालेले गीत चालीवर बसते का, ठेक्याचा जोर चुकीच्या अक्षरावर पडतो का आणि यमकासाठी शब्द ओढूनताणून आणले आहेत का, हे गाणे बसवण्याआधी तपासून पाहण्याची रीत. नाशिकमध्ये गणेशोत्सव आणि नवरात्रासाठी, भजनी मंडळांसाठी, शाळांच्या संमेलनांसाठी दरवर्षी नवी गीते लिहिली जातात. लिहिणारे बहुतेक हौशी असतात आणि चाल आधी ठरलेली असते. त्यामुळे ही तपासणी मुख्यतः ‘शब्द चालीत मावतात का’ याभोवती फिरते.

मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. तरीही चुकीच्या जागी पडलेला जोर कानाला लगेच खटकतो. याचे कारण ऱ्हस्व-दीर्घात आणि शब्दाच्या तुकड्यांत आहे. समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर, किंवा लांबवलेल्या स्वरावर ऱ्हस्व अक्षर आले की ते दीर्घ ऐकू येते. शब्दाच्या मधोमध ताल वळला की शब्द तुटतो. अकारान्त शब्दांचा धोका आणखी वेगळा. बोलताना आपण ‘मन’मधला ‘न’ जवळजवळ हलन्त उच्चारतो, गाताना तो पूर्ण म्हणावा लागतो. चालीने तोच ‘न’ चार मात्रा धरून ठेवला की ऐकणाऱ्याला ‘मना’ ऐकू येते आणि साधे नाम संबोधन होऊन बसते. ओळीचा शेवट लांबणार असेल तर तिथे आ, ई, ए, ओ यांपैकी स्वर असलेला शब्द ठेवावा, असे अनुभवी गायक सांगतात ते याचसाठी.

शहरातलीच नावे घेतली तरी ही गोष्ट स्पष्ट होते. ‘पंचवटी’च्या मात्रा सहा: पं दोन, च एक, व एक, टी दोन. सहा मात्रांच्या दादऱ्यात हा शब्द ‘पंच’ आणि ‘वटी’ असा तीन-तीनमध्ये नेमका दुभंगतो, म्हणजे बोलताना जसा पडतो तसाच. आठ मात्रांच्या केरव्यात मात्र चार-चारचे खंड असल्याने ‘पंचव’ एका खंडात आणि ‘टी’ पुढच्या खंडाच्या तोंडाशी येते. गायिका कितीही सुरेल असो, श्रोत्याला ‘पंचव, टी’ असेच ऐकू येणार. शब्द तोच, दोष ठेक्याच्या निवडीत आहे.

पुढचे उदाहरण मुद्दाम रचलेले आहे, पण अशा ओळी तपासायला वरचेवर येतात. केरव्याच्या दोन आवर्तनांत, म्हणजे सोळा मात्रांत, एक ओळ बसवायची आहे:

गोदावरी तू माय आमुची
तुझ्याच काठी शान नाशिकची

पहिल्या ओळीत ‘गोदावरी’च्या सात मात्रा होतात. ‘तू’ आठव्या मात्रेवर सुरू होऊन नवव्या मात्रेत जातो, म्हणजे दुसरी सम ‘तू’च्या पोटात पडते. ज्या शब्दासाठी ओळ लिहिली, तो ‘माय’ समेच्या एक मात्रा मागून येतो. ओळ सतरा मात्रांची होते आणि शेवटची ‘ची’ पुढच्या आवर्तनात लोंबते. कागदावर यातले काहीच दिसत नाही. हाताने टाळी देत ओळ नुसती बोलली की तिसऱ्या खेपेलाच जीभ अडखळते.

एक उपाय चालीकडून सुचवला जातो: सम सोडून दुसऱ्या मात्रेपासून उचल करायची. त्याने ‘तू’ समेवर येतो खरा, पण ‘माय’मधला ‘य’ ‘खाली’वर, म्हणजे आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर, आणि ओळीच्या शेवटची ‘ची’ नव्या समेवर आदळते. प्रत्ययावर एवढे वजन पडणे हे मूळ दोषापेक्षा वाईट.

दुसरा उपाय शब्दांकडून येतो: ‘गोदावरी’चे ‘गोदावरि’ करणे. पुष्कळांना हे वृत्तासाठी केलेले पाप वाटते, पण इथे ते शुद्धच आहे. संस्कृतात ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे संबोधन ऱ्हस्व होते, आणि रामकुंडावर स्नानाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात ‘गोदावरि सरस्वति’ असेच येते. नाशिककरांच्या कानाला हे रूप परके नाही. मात्र ही सवलत नदीला हाक मारतानाच. ‘गोदावरि वाहते’ असे लिहिले तर ती ओढाताणच.

आता ‘माय’ बरोबर समेवर येते. उरतो ‘आमुची’चा ‘आ’, जो खालीच्या आधीच सुरू होऊन तिच्यावरून ओढला जातो. भजनात हे चालून जाते, लहान मुलांच्या समूहगीतात नाही, कारण तिथे प्रत्येक मूल तो ‘आ’ वेगळ्या क्षणी उचलते.

दुसऱ्या ओळीचा दोष यमकाचा आहे. ‘आमुची’ आणि ‘नाशिकची’ यांत जुळते ती फक्त ‘ची’, म्हणजे प्रत्यय. मराठीत यमक कानात ठसायला शेवटच्या अक्षराआधीचा स्वरही जुळावा लागतो. ओढून आणलेले यमक ओळखायची खात्रीची खूण अशी, की ओळीचा अर्थ गद्यात सांगून पाहावा. गद्यात आपण ‘नाशिकची शान’ म्हणतो, ‘शान नाशिकची’ नाही. शब्दक्रम उलटला तो केवळ ‘ची’ शेवटी यावी म्हणून. शिवाय ही ओळही सतरा मात्रांचीच भरते. (‘तुझ्याच’मधला ‘तु’ एकच मात्रेचा धरायचा. ‘झ्या’ हे जोडाक्षर असले तरी त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. ‘पुण्य’मधल्या ‘पु’वर तो येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. हा फरक डोळ्यांना कळत नाही, उच्चारून पाहावा लागतो.)

अशा वेळी दुसरी ओळ ठोकत बसण्यापेक्षा पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द बदलावा, कारण अडचण तिथून सुरू झालेली असते. ‘आमुची’ला जोडीदार कमी, ‘आई’ला भरपूर:

गोदावरि तू अमुची आई
काठावरती पहाटघाई

दोन्ही ओळी चार-चारच्या चार खंडांत सुट्या होतात आणि एकही अक्षर खंडाच्या सीमेवर अडकत नाही. ‘शान’सारख्या कुठल्याही शहराला लागू पडणाऱ्या शब्दाऐवजी घाटावरची सकाळ आली, हा वरचा लाभ. चाल शेवटी तार षड्जावर जात असेल तर ‘आई’तला ‘आ’ धरून ठेवावा आणि ‘ई’ सोडताना घ्यावी. उंच स्वरावर लांबवलेली ‘ई’ नवख्या गळ्यात आवळते.

हे सगळे मोजमाप मात्रांवर बेतलेल्या गीतांचे. त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीत जे अभंग म्हटले जातात, तिथे हिशेब वेगळा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजतात, ऱ्हस्व-दीर्घ गाणारा हवे तसे ओढतो, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणात असते. ‘गोदावरी माय’ ही सहा अक्षरे तिथे पहिल्या चरणात जशीच्या तशी बसतात आणि ‘री’ ऱ्हस्व करायची गरजच पडत नाही. केरव्याची फूटपट्टी घेऊन अभंग दुरुस्त करायला बसलेला परीक्षक चांगली ओळ बिघडवतो.

शेवटची चाचणी कागद न पाहिलेल्या माणसाकडून घेतात. गीत एकदा गाऊन दाखवायचे आणि त्याने ऐकले तसे लिहून काढायचे. ‘पाणी न वाहे’ या ओळीत ‘वा’वर थांबा आला असेल, तर तो ‘पाणी नवा हे’ लिहितो. त्याने चुकीचे लिहिलेल्या जागा हीच दुरुस्तीची यादी.