मफिनमधील बोगदे

मफिन वरून खाली उभा कापला की काही वेळा तळाकडून माथ्याकडे गेलेल्या लांबट, गुळगुळीत पोकळ्या दिसतात. त्यांना बोगदे म्हणतात. आडवा कापल्यास त्या नुसती गोल भोके वाटतात, म्हणून तपासणी उभ्या कापानेच करावी. अशा मफिनचा माथा बहुधा टोकदार आणि आतला भाग वातड असतो. या सगळ्याचे नेहमीचे कारण एकच असते, ते म्हणजे पीठ जास्त ढवळले जाणे.

मैद्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने भिजून ढवळली गेली की ग्लुटेनचे लवचीक जाळे बनते. केकमध्ये भरपूर साखर आणि लोणी असल्याने हे जाळे सहज वाढत नाही. साध्या मफिनमध्ये दोन्ही बेताचेच असतात. शिवाय दोन भाग मैद्याला सुमारे एक भाग द्रव हे त्यातले प्रमाण ग्लुटेनला फारच सोयीचे पडते. ओव्हनमध्ये बेकिंग पावडरमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ या चिवट जाळ्यात अडकतात. बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर वाट काढतात. कडेचे पीठ आधी घट्ट होते, मधले मऊ राहते; त्यामुळे बोगदे माथ्याच्या टोकाकडे झुकलेले दिसतात.

उदाहरणार्थ, दोन कप मैदा, पाव कप साखर, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. एक कप दूध, एक अंडे आणि पाव कप तेल वेगळे फेटावे. इथे हवे तितके फेटले तरी बिघडत नाही, कारण यात मैदा नाही. मग ओले मिश्रण एकदम कोरड्यात ओतून पळीचे १२ ते १५ हलके फेर द्यावेत. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. गुठळ्या राहतात, त्या राहू द्याव्यात; भाजताना त्या ओल धरतात. पळीतून पीठ गोळ्यांनी पडले तर ठीक, सलग धारेने ओघळले तर ढवळणे जास्त झाले. साच्यात भरतानाही पुन्हा ढवळू नये. ही चूक सर्रास होते. उलट फारच कमी ढवळल्यास पांढऱ्या मैद्याचे कोरडे कप्पे राहतात.

साचे दोन-तृतीयांश भरून, आधीच २०० अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्ये सुमारे २० मिनिटे भाजावे. आच फार जास्त असली तर वरचे कवच लवकर कडक होते आणि आतले फुगणारे पीठ मध्यातून ते फोडून वर येते. आच कमी पडली तर माथा सपाट राहतो आणि मफिन सुकतो. मात्र जास्त ढवळलेले पीठ योग्य आचेवरही सुधारत नाही. साखर-लोणी फेसून केलेल्या गोड मफिनना थोडे अधिक ढवळणे चालते.