रोलिंग रिझर्व्ह

ऑनलाइन विक्रीतून कार्डाने आलेल्या रकमेचा ठरावीक टक्का पेमेंट गेटवे काही महिने स्वतःकडे अडकवून ठेवतो, त्याला रोलिंग रिझर्व्ह म्हणतात. उरलेली रक्कम सेटलमेंटच्या वेळापत्रकानुसार विक्रेत्याच्या बँक खात्यात येते. नव्या विक्रेत्याची या दोन गोष्टींत हमखास गल्लत होते.

वेळापत्रक साधे असते. 'टी+२' म्हणजे व्यवहारानंतर कामाचे दोन दिवस. एनईएफटी 2019 पासून चोवीस तास चालते, तरी गेटवेचे दिवस बहुधा बँकेच्या सुट्ट्या वगळूनच मोजले जातात. त्यामुळे शनिवारी बँक बंद असेल, तर शुक्रवारची विक्री मंगळवारी हाती येते. नव्या खात्याची पहिली सेटलमेंट कागदपत्रांच्या पडताळणीमुळे आणखी लांबू शकते.

रिझर्व्हचे मूळ चार्जबॅकमध्ये, म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून कार्डाचे पैसे परत घेण्यात आहे. मोठ्या कार्ड नेटवर्कांवर अनेक प्रकारच्या तक्रारींना सुमारे 120 दिवसांची मुदत असते. तोवर विक्रेता दुकान बंद करून गेला, तर परताव्याचा भार गेटवेवर पडतो. ज्याचा मागचा हिशेब नाही त्याच्याकडून म्हणूनच आगाऊ तारण घेतले जाते. सगळ्यांनाच ते लागते असे नाही. करारात टक्का आणि दिवस दिलेले असतात.

उदाहरणादाखल वसमतचा एक हळद पावडर विक्रेता घेऊ. दर सोमवारी 20,000 रुपयांची कार्डविक्री, रिझर्व्ह 10 टक्के, मुदत 90 दिवस. गेटवेचे शुल्क 2 टक्के म्हणजे 400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 72 रुपये, रिझर्व्ह 2,000. बुधवारी खात्यात येतात 17,528. हळकुंड, दळण, पाकिटे आणि कुरिअर मिळून 17,000 खर्च झाला असेल, तर नफ्याचे 2,528 कागदावर दिसतात, पण हातात राहतात 528. बाजार समितीत हळद रोखीने घ्यायची असेल तर खरी ओढाताण इथे होते.

दर आठवड्याला 2,000 साठत तेराव्या विक्रीला रिझर्व्ह 26,000 होतो. नव्वदाव्या दिवशी पहिल्या सोमवारचे 2,000 सुटतात आणि दुसऱ्या दिवशी नवे 2,000 अडकतात. विक्री तेवढीच राहिली, तर आठवड्याची आवक पूर्ण 19,528 होते. साठलेले 26,000 मात्र धंदा चालू असेपर्यंत जागचे हलत नाहीत. ते भांडवलातच धरावे. विक्री वाढली की रिझर्व्हही फुगतो, म्हणून दिवाळीची कमाई पुढच्या सणाच्या मालाला पुरेलच असे नाही.

पैसे आले नाहीत तर आधी सेटलमेंट अहवालात यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेतून पाठवलेल्या रकमेचा ओळख क्रमांक, पाहावा. तो असेल तर रक्कम गेटवेकडून निघालेली आहे, विचारपूस बँकेत करावी. नसेल आणि रक्कम 'होल्ड'वर दिसत असेल, तर तो सगळ्या खात्यावरचा अटकाव आहे की फक्त 10 टक्क्यांचा रिझर्व्ह, हे गेटवेकडून लेखी घ्यावे. अटकावाला रिझर्व्हसारखी सुटण्याची तारीख असेलच असे नाही.