चार चौकटी, सात रेघा: ‘लॉस’ या मीममागची पार्श्वभूमी

भिंतीवरच्या फरश्या, सुपरमार्केटमधल्या बाटल्या, एखाद्या आलेखातले स्तंभ, अशा कुठल्याही फोटोखाली कुणीतरी विचारतं, ‘इज धिस लॉस?’ आणि खाली शंभर जण कपाळाला हात लावतात. फोटोत विनोद नसतो, प्रश्नातही नसतो. तो आहे 2 जून 2008 रोजी आलेल्या एका वेबकॉमिकच्या पानात, आणि त्या पानाचं पुढे जे झालं त्यात.

हे वेबकॉमिक 2002 पासून सुरू होतं. व्हिडिओ गेमच्या नादी लागलेला एक तरुण, त्याचा रूममेट, त्यांचे मूर्खपणाचे उद्योग आणि शेवटच्या चौकटीत हशा, असा त्याचा साचा होता. मधल्या सहा वर्षांत नायकाला प्रेयसी मिळाली, ती गरोदर राहिली, कथानक थोडं गंभीर वळणाला लागलं. पण वाचक येत होते ते हसायला.

त्या दिवशीच्या पानावर एकही शब्द नव्हता. पहिल्या चौकटीत नायक धावत हॉस्पिटलात शिरतो. दुसरीत तो स्वागतकक्षातल्या बाईंना काही विचारतो, तिसरीत डॉक्टरांशी बोलतो. चौथीत तो उभा आहे आणि प्रेयसी पलंगावर कुशीवर पडून रडते आहे. पोटातलं बाळ गेलेलं आहे. पानाचं नाव ‘लॉस’.

इथे मराठी वाचकाचा पाय हमखास अडखळतो, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे ‘लॉस’ हा बाजारातला शब्द आहे. ‘यंदा कांद्यात लॉस झाला’ असं आपण म्हणतो. त्यामुळे मीमचं नाव ऐकून अनेकांना वाटतं की गेममधली हार किंवा पैशाचा तोटा हा विषय असणार. इंग्रजीत हाच शब्द माणूस गेल्याच्या दुःखालाही चालतो आणि इथे तोच अर्थ आहे. दुसरा गुंता ‘गर्भपात’ या शब्दाचा. आपल्याकडे तो करवून घेतलेल्याला आणि आपोआप झालेल्याला सरसकट वापरतात. मीम समजावून सांगताना नुसतं ‘गर्भपाताबद्दल आहे’ असं लिहिलं की ऐकणारा भलत्याच वादात शिरतो. घरात बायका बोलताना ‘मिसकॅरेज’ म्हणतात, कथेत घडतं ते तेच. हे दोन्ही शब्द सुटे केल्याशिवाय विनोद कळत नाही आणि त्यावरचा राग तर मुळीच कळत नाही.

राग दोन बाजूंनी होता. एक बाजू म्हणे, मिसकॅरेजची थट्टा करणारे हे लोक निर्दय आहेत. दुसरी म्हणे, थट्टा दुःखाची नाही, व्यंगचित्रकाराच्या निर्णयाची आहे. मला दुसरी बाजू बरीचशी पटते. विनोदी मालिकेने मृत्यूला हात लावू नये असं कुणी म्हणत नव्हतं. खटकलं ते हे, की काल-परवापर्यंत गेमच्या कंट्रोलरवरून भांडणारी पात्रं, तेच अर्धमिटल्या डोळ्यांचे ठरावीक चेहरे, आणि त्यांच्याकडून एकदम मूक शोकांतिकेची अपेक्षा. शिवाय दुःख तिचं, पण चारही चौकटींत तो. ती दिसते फक्त शेवटी, तीही आडवी. स्वतःच्या पूर्वायुष्यातल्या अशाच अनुभवाचा आधार कथेला असल्याचं व्यंगचित्रकाराने सांगितलं होतं, आणि त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण अनुभव खरा असला म्हणून पान जमतंच असं नाही. पान जमलं नव्हतं, आणि ते फार गांभीर्याने जमलं नव्हतं. विडंबनाला याहून चांगला कच्चा माल मिळत नाही.

सुरुवातीचं विडंबन सरळ होतं. त्याच चार चौकटींत दुसऱ्या गेममधली किंवा कार्टूनमधली पात्रं बसवायची. मग काढून टाकण्याची चढाओढ लागली. आधी चेहरे गेले, मग कपडे, मग हॉस्पिटल. उरल्या फक्त माणसांच्या जागी रेघा:

```
|   |ı
||  |_
```

पहिल्या चौकटीत एकटा उभा. दुसरीत एक उंच आणि एक बुटकी, कारण स्वागतकक्षातल्या बाई बसलेल्या आहेत. तिसरीत दोन्ही सारख्या, डॉक्टर उभे आहेत. चौथीत एक उभी आणि एक आडवी. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके बघूनच सवयीच्या हाताला आकृती दिसते, तसं या रेघांचं झालं.

याहूनही आखूड रूप पाच चिन्हांचं आहे:

```
:.|:;
```

हे वाचायची रीत अशी. मधली उभी रेघ म्हणजे डाव्या-उजव्या चौकटींमधली फट. आता प्रत्येक बाजूचे वरचे आणि खालचे ठिपके वेगळे मोजा. डावीकडे वर एक ठिपका, ही पहिली चौकट. उजवीकडे वर दोन, ही दुसरी. डावीकडे खाली दोन, ही तिसरी. उजवीकडे खाली एक ठिपका आणि शेजारी अर्धविरामाची शेपटी. ती शेपटी म्हणजे पलंगावरची प्रेयसी. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, आणि लगेच आपण नेमके कशाला हसलो या विचाराने ओशाळलो.

उपरोधाचे थर इथेच चढत जातात. तळाचा थर फसलेल्या पानाला हसतो. त्यावरचा थर, इतक्या वर्षांनीही याच पानाला हसणाऱ्यांना हसतो. त्याहून वरच्या थरात पान उरतच नाही. तिथे शेंडी लागते ती ओळखणाऱ्याला. कुणी चार पुस्तकांच्या मांडणीत हा आकार लपवतो आणि तुम्हाला तो दिसतो. दिसला, म्हणजे तुम्हीही त्यातलेच. कपाळावरचा हात फोटोसाठी नसतो, आपल्याच डोळ्यांना लागलेल्या सवयीसाठी असतो. हा आकार टाकणाऱ्या कित्येकांनी मूळ पान कधी पाहिलेलंच नाही, आणि त्याने काही अडत नाही.

मग उलटा खेळ सुरू झाला: काहीही नसलेल्या फोटोखाली ‘इज धिस लॉस?’ विचारायचं आणि लोकांना रेघा शोधत बसवायचं. खरा आकार ओळखायची खूण म्हणजे दुसऱ्या चौकटीतली बुटकी रेघ आणि चौथीतली आडवी. नुसत्या एक-दोन-दोन-दोन अशा वस्तू भरल्या म्हणून ते ‘लॉस’ होत नाही. चौथीत कुणीतरी आडवं पडायलाच हवं. बुटक्या रेघेबाबत मात्र लोक सवलत देतात, आणि माझ्या मते देऊ नये.

2018 मध्ये पानाला दहा वर्षं झाली तेव्हा व्यंगचित्रकाराने स्वतःच त्याची बदललेली आवृत्ती टाकली. तिचं नाव ठेवलं ‘फाउंड’, म्हणजे सापडलं.