पाय घसरला की डोळ्यांपुढे अंधारी आली?

जानेवारीत एके सकाळी पुण्यातल्या धायरीहून फोन आला. माझी मामेबहीण बाथरूममध्ये पडली होती. ती साडेपाच महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, बाळ ठीक होतं. तिच्या गुडघ्याला आणि हनुवटीला मुका मार लागला होता. मी संध्याकाळी पोचले तेव्हा तिच्या सासूबाई हिरवी रबरी मॅट घेऊन आल्या होत्या. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून मॅट कुठे टाकायची ते मलाच विचारलं गेलं. "पाय घसरला हो तिचा. फरशीच मेली तसली आहे," त्या म्हणाल्या.

मी बहिणीला एवढंच विचारलं, "पडताना काय काय आठवतंय तुला?"

ती म्हणाली, "ताई, टॉवेल घ्यायला उठले, तेवढं आठवतंय. डोळ्यांपुढे काळं काळं झालं. मग एकदम जमिनीवरच."

म्हणजे पाय घसरलाच नव्हता. मॅट वाईट नव्हती, पण दुसऱ्याच आजारावरचं औषध होतं ते. बाथरूममध्ये पडलं की घरोघरी "घसरली" हाच एक शब्द निघतो. खरं तर घसरून पडणं आणि भोवळ येऊन पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

ओळखायचं कसं? घसरलेल्या बाईला सगळं आठवतं. टाच पुढे निघाली, हात भिंतीकडे गेला, आपण पडतोय हेही कळलं. ती बहुधा मागे किंवा कुशीवर पडते आणि मार माकडहाडाला, खुब्याला किंवा टेकलेल्या मनगटाला लागतो. हे घडतं आत शिरताना, बाहेर पडताना किंवा पाय बदलून वळताना. भोवळ आलेली बाई मात्र जागच्या जागी कोसळते. मधले एक-दोन क्षण तिच्या आठवणीत नसतात. हात पुढे आलेला नसतो, म्हणून मार गुडघ्याला, हनुवटीला किंवा कपाळाला लागतो. आधी कानात दडे बसणं, घाम फुटणं, दिसणं अंधुक होणं, यातलं काहीतरी झालेलं असतं. आणि वेळ जवळजवळ ठरलेली असते: आंघोळ संपल्यावर उठताना.

गरोदरपणात ही भोवळ का येते, ते आंघोळीच्या क्रमानेच बघू. संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. सर्वसाधारणपणे पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपास तो सर्वांत खाली असतो. म्हणजे पोट फार मोठं नसतानाच हा धोका असतो, आणि म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात कडक पाणी अंगावर घेतलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आणखी फुलतात, अंग लालसर होतं, दाब अजून उतरतो. बहीण पाटावर बसून आंघोळ करत होती. पाटाची उंची जेमतेम चार बोटं, त्यामुळे गुडघे पूर्ण दुमडलेले. त्यावरून एका दमात उभं राहिलं की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. उकिडवं बसून झटकन उभं करणं ही तर रक्तदाब किती पडतो ते बघायची शरीरशास्त्रातली एक चाचणीच आहे. बहीण ती रोज सकाळी उपाशीपोटी देत होती. त्यात टॉवेल उंच दांडीवर आणि थंडीमुळे खिडकी बंद.

आता पाण्याचा हिशेब. त्यांचा गिझर ६० अंशांवर लावलेला होता. जानेवारीत सकाळी नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास धरू. २० लिटरच्या बादलीत ती १२ लिटर गरम आणि ८ लिटर गार घ्यायची; म्हणजे बादली ४४ अंशांची झाली. अंगाला सोसेल असं पाणी ३७-३८ अंशांचं. तेवढं हवं तर गरम ९ लिटर आणि गार ११ लिटर लागतं. तेच मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून ३० अंशांचं पाणी येत असेल, तर गरम साडेपाच लिटर पुरतं. पण आपला हात सवयीने गरम नळ तेवढाच सोडतो, ऋतू कुठलाही असो. गार पाणी आधी, गरम नंतर आणि तांब्या अंगावर घेण्याआधी कोपर बुडवून बघणं, एवढं केलं की थर्मामीटर लागत नाही. हाताचा तळवा फसवतो, भांडी घासून तो निबर झालेला असतो.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. गरम पाण्याने गर्भाला अपाय होतो असं जे ऐकतो, ते शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाण्याबद्दल असतं, आणि तेही विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. गरम पाण्याच्या टबात बराच वेळ बुडून राहिलं किंवा स्टीम घेतली तर ते होऊ शकतं. बादलीतलं पाणी तांब्याने घेऊन तेवढं तापमान चढणं अवघडच. बादलीच्या कडक पाण्याचा खरा धोका भोवळीचा, म्हणजे पडण्याचा.

गॅस गिझर असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. बंद बाथरूममध्ये तो पेटला की प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि घरातले म्हणतात, "दिवस गेलेत, व्हायचंच!" आंघोळीला गेलं की डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत आलं की उतरतं, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणालाही तसंच होतं, तर संशय गिझरचा घ्यायचा. हा वायू बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त वेळ टिकतो. तिथे खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि पाणी पाइपने आत आणायचं. तसा त्रास झालेला असेल तर बरं वाटल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

बहिणीकडे आम्ही पहिल्यांदा पाट काढला. त्या जागी स्टूल आलं. उंची बाजारात ठरत नाही, तिच्या पायावर ठरते: अनवाणी उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजायचं. तिची ४० सेंटिमीटर भरली. तेवढ्या उंचीवर पावलं पूर्ण टेकतात आणि उठताना मांड्यांवर जोर येतो, दोन्ही हात टेकायला लागत नाहीत. हलकं प्लास्टिकचं स्टूल घेऊ नये. गरम पाण्याने त्याचे पाय फाकतात आणि पुढे सरकून बसलं की ते कलंडतं. चार पायांचं, रुंद बैठकीचं, खाली रबरी बूट असलेलं हवं. कमोडलाही हेच माप लावायचं. तो फार खाली असेल तर वर बसवायची उंच सीट औषधांच्या दुकानात मिळते. भारतीय संडासावर बसण्याने बाळाला काही होत नाही, अडचण उठण्याची असते. तिथे समोर किंवा बाजूला धरून उठायला पक्का दांडा, म्हणजे धरबार हवा. टॉवेलची दांडी हा धरबार नव्हे. दिसायला सारखी असली तरी ती दोन बारीक स्क्रूंवर टॉवेलचं वजन पेलायला लावलेली असते, आणि भोवळीत माणूस आधी तिलाच लटकतो.

स्टूल उंच झालं की बादली मात्र खालीच राहते आणि दर तांब्याला कमरेतून वाकावं लागतं. डोकं खाली, पुन्हा वर, असं तीस-चाळीस वेळा. म्हणून बादलीखालीही वीतभर उंचीचा भक्कम लाकडी चौरंग ठेवला आणि ती नळाखालीच भरायची असं ठरवलं. भरलेली २० लिटरची बादली २० किलोंची होते, ती उचलायचीच नाही. टॉवेल आणि गाऊन बसल्या जागी हाताला येतील अशा हुकांवर आले. पाय चोळायला लांब दांड्याचा ब्रश. आंघोळ झाली की बसल्या बसल्याच अंग पुसायचं, घोटे दहा-बारा वेळा वरखाली करायचे, म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त वर ढकललं जातं, मग धरबार धरून उठायचं आणि दोन श्वास तिथेच थांबायचं. तरीही अंधारी आलीच तर दाराकडे धावायचं नाही, तिथेच खाली बसून डाव्या कुशीवर व्हायचं.

कडी लावायची नाही, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला. त्यांचं दार आत उघडतं. आत कोणी कोसळलं तर शरीराने दार अडतं आणि वर कडीही असेल तर बाहेरच्याला काही करता येत नाही. दार नुसतं लोटून बाहेर रुमाल अडकवायचा, एवढ्यावर तडजोड झाली.

मग फरशीचं काय? ती निर्दोष होती असं नाही. आठव्या महिन्यापासून शरीराचा तोल पुढे जातो, पावलं सुजतात, स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि तेव्हा घसरण्याची पाळी येते. फरशी ओली असणं आणि बुळबुळीत असणं यातही फरक आहे. धायरीसारख्या भागात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळून मेणचट थर बसतो. पोटाला लावलेलं खोबरेल तेलही ओघळतं. कोरड्या फरशीवर हे दिसत नाही, पाणी पडलं की जागं होतं. आम्ही एकच फरशी व्हिनेगर टाकून घासली, धुतली आणि ओल्या पायाने तिची शेजारच्या फरशीशी तुलना केली. घासलेल्या फरशीवर पाय करकरला, शेजारच्या फरशीवर सरकला. म्हणजे दोष थराचा, आणि आठवड्यातून दोनदा घरातल्या दुसऱ्या कोणी घासलं की भागतं. दोन्हीकडे पाय सारखाच सरकला असता, तर फरशीच गुळगुळीत म्हणायची आणि मॅट हवीच. तेव्हाही मॅट घेताना बघायचं: खालच्या रबरी वाट्या फक्त सपाट, गुळगुळीत फरशीला चिकटतात, खरखरीत फरशीवर किंवा सांध्यांवर त्या सुटतात आणि मॅटच घसरते. बाहेरचं सुती पायपुसणंही तसंच, त्याला खाली रबर हवं.

हिरवी मॅट शेवटी नवव्या महिन्यात लागली, दाराजवळ.

आणि पडणं कुठल्याही प्रकारचं असो, पाचव्या महिन्यानंतर पोटाला धक्का बसला असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. गर्भाशयापासून वार सुटण्याचा त्रास काही तासांनीही दिसू शकतो. रक्तस्राव, पाणी जाणं, पोट कडक होणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही असलं तर थेट दवाखाना गाठायचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगायचं, कारण अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. आणि भोवळ येऊन पडली असेल तर "घसरली" असं सांगू नये. डॉक्टर मग हाडं बघतात. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघायचं राहून जातं. माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन फक्त ८.६ निघालं होतं.