तडा नाही? मग शंका घ्या

मित्राने परवा एका ऑनलाइन जाहिरातीतले फोटो पाठवले. मोरोक्कोतला ट्रायलोबाइटचा जीवाश्म, काळाकुळकुळीत, राखाडी दगडावर बसलेला. खाली मित्राचा प्रश्न : "बघ, एकही तडा नाही. घेऊ का?" मला नेमकं तेच खटकलं.

ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे कवचधारी प्राणी. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी ते नामशेष झाले. मोरोक्कोत ते बऱ्याचदा टणक चुनखडीत सापडतात, आणि दगडाच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून खोदणारे हातोड्याने दगड फोडतात. फूट प्राण्यातून गेली, तर तुटलेल्या कडेवर त्याच्या कवचाची गडद रेघ दिसते. मग दोन्ही तुकडे पुन्हा चिकटवतात आणि हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीने वरचा दगड कण कण उडवतात. म्हणून अशा खऱ्या नमुन्यात बहुधा एक बारीक सांधा दिसतो. दगडातून निघून प्राण्याच्या पाठीवरून तो पलीकडच्या दगडात जातो. प्राणी सापडला तोच त्या तड्यामुळे!

दगडातल्या पांढऱ्या शिरांचंही तसंच. गाडला गेलेला दगड कधीतरी तडकतो, भेगेत चुनामिश्रित पाणी झिरपतं आणि कॅल्साइट साचतं. प्राणी तोवर दगडाचाच भाग झालेला असतो, त्यामुळे शीर बहुधा दोघांनाही चिरत जाते. ती प्राण्याच्या कडेशी येऊन अचानक थांबली, तर प्राणी नंतर बसवलेला असण्याची शक्यता मोठी. अर्थात अख्खा प्राणी त्याच दगडात कोरला असेल, तर शीर आरपारच दिसेल. तेव्हा रंग पाहावा. खरं कवच सहसा भोवतालच्या दगडापेक्षा वेगळ्या छटेचं असतं, आणि ती छटाही जागोजागी बदलते. रंग फासलेला असेल तर सगळीकडे एकसारखा काळा, आणि कडेला थोडा दगडावरही ओघळलेला.

भोवतालच्या दगडावर छिन्नीचे आखूड टोचे दिसले तर घाबरू नये, ती सफाईची खूण आहे. अंगावरच्या लांब, समांतर ओरखड्यांचा मात्र संशय घ्यावा. नकली प्राणी रेझिनचा असेल, तर ओतताना हवेचे बुडबुडे साच्याला चिकटून राहतात आणि पृष्ठभागावर गोल खळगे पडतात. झिजेचे खळगे इतके गोल नसतात. नकली दगड म्हणजे बऱ्याचदा दगडाची पूड आणि गोंद, त्यात ना शीर, ना थर.

जाहिरातीत 'सकारात्मक ऊर्जा देणारा' असंही लिहिलं होतं. चुनखडीतली ऊर्जा विकणारा चुना लावणारच!

मित्राचा फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर तीन गोल खळगे होते आणि पांढरी शीर शेपटीच्या कडेशीच संपत होती. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून त्याला बाजूचा आणि खालचा फोटो मागवायला सांगितलं. विक्रेत्याने तोच समोरचा फोटो पुन्हा पाठवला.