स्प्रिंगला टांगलेल्या वस्तुमानाची सरल आवर्त गती

स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान समतोल स्थानापासून खाली-वर सरकवून सोडले की स्प्रिंग त्याला विस्थापनाच्या प्रमाणात परत ओढते. या प्रत्यानयन बलामुळे होणारी गती म्हणजे सरल आवर्त गती. स्प्रिंगचा बलस्थिरांक k आणि वस्तुमान m असेल तर आवर्तकाल T = 2π√(m/k) एवढा येतो; आयाम त्यात कुठेच येत नाही.

बल ताणाच्या प्रमाणात वाढते हा नियम रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जातो. हूकने तो १६७६ मध्ये अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उघड केला; नियम आपल्याला सुमारे १८ वर्षांपूर्वीच सापडला होता, असे त्याचे म्हणणे. दरम्यान १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ पुढे आणले आणि कल्पना मूळची कोणाची यावरून दोघांत वाद पेटला. हूकचा १६६० च्या सुमाराचा दावा मुख्यतः त्याच्याच शब्दावर उभा आहे. त्यामुळे प्रमाणाचा नियम हूकचा, आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या सर्पिल स्प्रिंगच्या घड्याळाचे श्रेय मुख्यतः हायगेन्सचे, अशी वाटणी अधिक सयुक्तिक वाटते.

कोकणातल्या मासळीबाजारात ताणकाट्याच्या हुकाला सुरमई अडकवली की दर्शक आधी खाली झेपावतो, मग वर येतो, आणि थोडा वेळ खालीवर होऊन स्थिरावतो. याच दृश्यावरून एक उदाहरण घेऊ. सुरमई ४ किलोची आहे आणि ती स्थिर असताना स्प्रिंग १० सेंमी ताणली जाते. g = ९.८ मी/से² घेतला तर k = ३९.२ ÷ ०.१ = ३९२ न्यूटन/मीटर. कोनीय वारंवारता ω = √(३९२/४), म्हणजे सुमारे ९.९ रेडियन/सेकंद, आणि T ≈ ०.६३ सेकंद.

आता मासा हुकात अडकवून हाताने असा धरला की दर्शक शून्यावर राहील, आणि मग हात एकदम काढून घेतला. सुटण्याची जागा समतोल स्थानाच्या १० सेंमी वर आहे, म्हणून आयाम १० सेंमी. मासा समतोलाखाली तेवढाच जातो आणि तळाशी काटा क्षणभर ८ किलो दाखवतो. झटक्याने टाकलेल्या मालाचे वजन घाईत वाचू नये, ते यासाठी.

ऊर्जेच्या हिशोबात गुरुत्वाचा वाटा विसरणे ही नेहमीची चूक. गुरुत्वीय ऊर्जा समतोल स्थानी शून्य धरू. सुटताना ती ४ × ९.८ × ०.१ = ३.९२ जूल असते, स्प्रिंगमध्ये काहीच नसते. समतोलावर स्प्रिंगमध्ये १.९६ जूल आणि गतिज ऊर्जा १.९६ जूल, बेरीज तीच. तळाशी स्प्रिंगमध्ये ७.८४ आणि गुरुत्वीय उणे ३.९२, बेरीज पुन्हा ३.९२. यातली समतोलावरची स्थिर १.९६ जूल वजा केली की दोलनाची ऊर्जा ½kA² = १.९६ जूल उरते. म्हणूनच x समतोलापासून मोजला तर नुसते ½kx² पुरते, मूळ लांबीपासून मोजला तर पुरत नाही.

काटा ६ किलो पहिल्यांदा केव्हा दाखवेल? खालची दिशा धन मानली तर सुरुवातीला x = −A, म्हणजे आरंभीची कला π: x = A cos(ωt + π). सहा किलोला x = +A/2, म्हणून ωt = 2π/3 आणि t = T/3 ≈ ०.२१ सेकंद. आरंभीची कला शून्य धरणाऱ्याला T/6 मिळते. तो मासा तळाशी सोडल्यापासूनचा काळ होय. त्या क्षणी स्थितिज वाटा दोलनऊर्जेचा एक चतुर्थांश, बाकी गतिज.

स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान mₛ असेल तर वरच्या सूत्रात m च्या जागी m + mₛ/3 घ्यावे लागते. ४ किलोच्या माशाला १२० ग्रॅमच्या स्प्रिंगने आवर्तकालात अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. पण प्रयोगशाळेत ६० ग्रॅमच्या स्प्रिंगला २०० ग्रॅम टांगले तर फरक सुमारे ५ टक्के होतो. T² आणि m यांचा आलेख काढला की तो ओळखू येतो: रेषा सरळ असते, पण आरंभबिंदूतून जात नाही.

खाऱ्या हवेचाही एक परिणाम आहे. वेटोळ्या स्प्रिंगचा k तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. गंजाने तार सगळीकडे १ टक्का बारीक झाली तर k सुमारे ४ टक्क्यांनी घटतो आणि आवर्तकाल २ टक्क्यांनी वाढतो. असा काटा वजनही खऱ्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो.